मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन: काय बंद करायचं हे मोजून कसं ठरवायचं

गेम अडकायला लागला की पहिलं काम सगळेजण एकच करतात, सेटिंग्समध्ये जाऊन मोशन ब्लर बंद, डेप्थ ऑफ फील्ड बंद, फिल्म ग्रेन बंद, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन बंद, आणि मग विचारतात की अरे एफपीएस तर तेवढाच आहे, असं कसं? दुसरीकडे काहीजण हेच ऑप्शन चालू-बंद करून बघतात, फरक दिसत नाही म्हणून 'हे सगळे फुकट आहेत' असं ठरवतात, आणि मग नेमकं बंदुकीचा नेम धरला की गेम मरतो. दोन्हीकडे चूक तीच आहे, इफेक्ट काम करत नसताना मोजलेलं असतं किंवा मोजायची पद्धतच चुकीची असते.

खाली सायबरपंक २०७७ धरून चाललोय, कारण त्यात हे सगळे ऑप्शन वेगवेगळे दिलेत आणि गेमच्या आतच बेंचमार्क आहे. बाकीच्या गेममध्येही क्रम हाच ठेवायचा.

## टप्पा १: मोजायच्या आधी काय बंद करायचं

आधी व्ही-सिंक बंद, फ्रेम लिमिट बंद, फ्रेम जनरेशन बंद. आणि डायनॅमिक रिझोल्यूशन असेल तर ते नक्की बंद, कारण ते चालू असलं की इफेक्टचा भार वाढला तर गेम गुपचूप रिझोल्यूशन खाली आणतो आणि एफपीएस होता तसाच दिसतो, म्हणजे इफेक्टची किंमत तुम्ही भरली, पण आकड्यात दिसलीच नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच मोजा. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पूर्ण पॉवर मिळत नाही. आणि गेम सुरू केल्या केल्या मोजू नका, दहा-पंधरा मिनिटं खेळून मशीन गरम होऊ द्या, मगच आकडे घ्या, नाहीतर पहिला आकडा थंड मशीनचा आणि शेवटचा तापलेल्या मशीनचा येतो आणि तुम्हाला वाटतं की शेवटचा इफेक्टच महाग आहे. मे महिन्यात बंद खोलीत बसून मोजत असाल तर हा फरक मोशन ब्लरच्या किमतीपेक्षा सहज मोठा निघतो.

मोजायला एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्युनर पुरेसा आहे. स्क्रीनवर तीन गोष्टी दिसतील असं करा: एफपीएस, फ्रेमटाइम, आणि जीपीयूचा वापर.

तपासा: जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर आहे का? जर तो ६०-७० वर रेंगाळत असेल तर तुमचा गेम प्रोसेसरमुळे अडकतोय. हे सगळे इफेक्ट ग्राफिक्स कार्डावर चालतात, त्यामुळे अशा वेळी ते सगळेच्या सगळे बंद केले तरी एफपीएस हलणार नाही. तिथे गर्दीची डेन्सिटी कमी करा, हा लेख त्या अडचणीला उपयोगाचा नाही.

## टप्पा २: एफपीएस नाही, मिलिसेकंद मोजा

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कोणी सांगतं मोशन ब्लर बंद केल्यावर १३ एफपीएस वाढले, कोणी सांगतं ३ वाढले, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हिशेब सोपा आहे. १००० ला एफपीएसने भागलं की एका फ्रेमला लागलेले मिलिसेकंद मिळतात. ६० एफपीएस म्हणजे १६.६७ मिलिसेकंद, १२० म्हणजे ८.३३. आता एखादा इफेक्ट १ मिलिसेकंद खातोय असं धरा. ६० वाल्याचं १७.६७ होतं, म्हणजे साधारण ५६.६ एफपीएस, साडेतीनचा तोटा. १२० वाल्याचं ९.३३ होतं, म्हणजे १०७, सरळ १३ चा तोटा. इफेक्ट तोच, किंमत तीच, फक्त मोजायची पट्टी वेगळी. म्हणून दुसऱ्याचा एफपीएसचा फरक तुमच्या मशीनला लावू नका, आणि स्वतःचेही आकडे मिलिसेकंदात लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची. हे इफेक्ट पिक्सेलवर चालतात, गेममध्ये किती माणसं किंवा गाड्या आहेत त्याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. १०८०पीला साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीला ३७ लाख, ४केला ८३ लाख. त्यामुळे १०८०पीवर ज्याची किंमत जाणवत नाही तो ४केवर जवळपास चौपट होतो.

इशारा: डीएलएसएस किंवा एफएसआर हे अपस्केलिंग आहे, म्हणजे गेम आत लहान रिझोल्यूशनवर बनतो आणि मग मोठा करून दाखवला जातो. ते लावलं म्हणजे हे इफेक्टही स्वस्त झाले असं धरून चालू नका. मोशन ब्लर, ब्लूम, ग्रेन हे सहसा अपस्केलिंग झाल्यावर, म्हणजे पूर्ण मोठ्या चित्रावर चालतात. आतलं रिझोल्यूशन तुम्ही अर्ध्यावर आणलं तरी यांचा खर्च तेवढाच राहतो, आणि बाकी फ्रेम हलकी झाल्यामुळे यांचा वाटा उलट वाढतो. डेप्थ ऑफ फील्ड काही इंजिनांत अपस्केलिंगच्या आधी चालतं, काहींत नंतर, म्हणून त्याचं मात्र मोजूनच बघायला लागतं.

## टप्पा ३: आधी सगळं चालू, मग सगळं बंद

एकेक ऑप्शन चाचपडत बसण्याआधी हे करा. तुमच्या नेहमीच्या सेटिंग्सवर पोस्ट-प्रोसेसिंगचे सगळे ऑप्शन चालू करून बेंचमार्क चालवा, मग सगळे बंद करून परत चालवा. प्रत्येक वेळी निदान दोनदा, आणि दोन आकडे एकमेकांच्या जवळ आले तरच विश्वास ठेवा.

आता नुसता हिशेब कसा करायचा ते दाखवायला आकडे घेऊ. समजा चालू असताना ५८ आले, म्हणजे १७.२४ मिलिसेकंद, आणि बंद असताना ६२, म्हणजे १६.१३. फरक १.१ मिलिसेकंद. याचा अर्थ या बेंचमार्कमध्ये हे सगळे ऑप्शन मिळून तुम्हाला यापेक्षा जास्त काही देऊ शकत नाहीत. तुम्हाला ४५ वरून ६० वर जायचं असेल तर ५.५ मिलिसेकंद पाहिजेत, ते इथून येणार नाहीत, ते सावल्या, व्होल्यूमेट्रिक फॉग, रिफ्लेक्शन आणि अपस्केलिंगमधून येतील. एवढं कळलं तरी बराच वेळ वाचतो.

पण लक्षात ठेवा, बेंचमार्कमध्ये कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरतो, त्यात तुम्ही नेम धरत नाही, कुणाशी बोलत नाही. त्यामुळे हा आकडा डेप्थ ऑफ फील्डच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यासाठी पुढचे टप्पे.

## टप्पा ४: फिल्म ग्रेन, म्हणजे खर्च नाहीच पण निर्णय आहे

ग्रेन हा शेवटच्या टप्प्यात रंग ठरवताना प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी रँडम भर घालतो, एवढंच. ग्राफिक्स कार्डाला ते जाणवतही नाही. क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन आणि व्हिनेट यांचंही साधारण तेच, म्हणून एफपीएससाठी हे तीन बंद करण्यात काही अर्थ नाही. क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन मी दिसण्यासाठी बंद करतो, कारण कडेकडेची पाटी-बोर्ड वाचताना लाल-निळी किनार येते आणि कमी रिझोल्यूशनवर सगळंच धूसर वाटतं.

ग्रेनचं मात्र सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही. नेहमीच्या ८-बिट स्क्रीनवर एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि रात्रीचं आकाश, धुकं, काळोखी भिंत अशा ठिकाणी त्या पायऱ्या पट्टे होऊन दिसतात. हलका ग्रेन ते पट्टे फोडतो. म्हणून आधी अंधाऱ्या जागी जा, आकाशाकडे बघा, ग्रेन चालू-बंद करून बघा. पट्टे दिसायला लागले तर चालू ठेवा, फुकट आहे.

बंद करायची खरी कारणं दोन. पहिलं, तुम्ही रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करत असाल तर. ग्रेन दर फ्रेमला बदलतो, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधणं एन्कोडरला जमत नाही, बिटरेट ग्रेनवरच उडतो आणि ६००० केबीपीएसला चेहरे चौकोनी-चौकोनी दिसायला लागतात. तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक असतं, बघणाऱ्याला चिखल दिसतो. दुसरं, तुम्ही ड्रायव्हरमधलं अपस्केलिंग वापरत असाल तर, म्हणजे एएमडीचं आरएसआर किंवा एनव्हिडियाचं इमेज स्केलिंग. ते पूर्ण तयार झालेलं चित्र ग्रेनसकट मोठं करतं आणि वरून शार्प करतं, मग बारीक ग्रेनचा रवा होतो.

नेहमीची चूक: सायबरपंकमध्ये ग्रेन बंद केला तरी ओल्या रस्त्यावर, काचेवर, चकचकीत फरशीवर दाणे दिसतात आणि लोक म्हणतात ऑप्शन चालतच नाही. ते दाणे ग्रेनचे नाहीत, स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनचे आहेत. ओळखायची खूण अशी, पावसात निऑन बोर्डाखाली उभं राहा, रस्त्यावरच्या प्रतिबिंबात दाणे वळवळतायत पण शेजारची कोरडी खडबडीत भिंत स्वच्छ आहे, म्हणजे रिफ्लेक्शन. ग्रेन असता तर सगळ्या चित्रावर सारखा पसरला असता. इथे रिफ्लेक्शनची क्वालिटी वाढवा (ती महाग आहे) नाहीतर ते बंदच करा.

## टप्पा ५: मोशन ब्लर, हलताना मोजा

उभं राहून मोशन ब्लर चालू-बंद करायचा आणि फरक नाही म्हणायचं, ही चूक तर रोजची. हा इफेक्ट प्रत्येक पिक्सेल मागच्या फ्रेमपासून किती सरकला ते बघतो आणि त्या दिशेने आजूबाजूचे नमुने घेऊन मिसळतो. काहीच सरकलं नाही तर मिसळायलाही काही नाही, आणि बरीच इंजिनं तो भाग लवकर सोडून देतात.

मोजायची पद्धत: गाडी घ्या, एकच सरळ रस्ता ठरवा, तिथून साधारण त्याच वेगाने दोनदा जा, एकदा चालू ठेवून एकदा बंद करून. दिवसाची वेळ आणि हवा तीच ठेवा, म्हणजे सेव्ह करून तीच सेव्ह परत लोड करा. परत उदाहरणाचे आकडे: चालू असताना ५५, म्हणजे १८.१८ मिलिसेकंद, बंद असताना ५७, म्हणजे १७.५४. किंमत ०.६ च्या आसपास. मध्यम कार्डावर १०८०पीला एवढा खर्च काही वावगा नाही.

याचं स्वस्त असण्याचं कारणही आहे. पिक्सेल किती सरकला ही माहिती कडा गुळगुळीत करणाऱ्या टीएएला, डीएलएसएसला आणि एफएसआर २ पासून पुढच्यांना तशीही लागते, म्हणजे ती आधीच तयार असते, मोशन ब्लर फक्त ती वापरून घेतो.

आता उपयोग किती? तो तुमच्या एफपीएसवर आहे. ३०-४० एफपीएसवर खेळत असाल तर एका फ्रेमहून दुसऱ्या फ्रेमला चित्र मोठी उडी मारतं, आणि ती उडी ब्लर भरून काढतो, गाडी चालवताना तर स्पष्ट कळतं. ९०-१०० च्या वर गेलात की उड्या तशाही लहान होतात, मग ब्लर ठेवायचं कारण फारसं उरत नाही. म्हणजे गंमत बघा, ज्याचं मशीन कमजोर आहे तोच घाईने हा बंद करतो आणि खरी गरज त्यालाच असते. ३० ला लॉक करून खेळणाऱ्याला मी सांगेन की लो वर ठेवून आठवडाभर खेळून बघ.

कॅमेऱ्याचा ब्लर आणि वस्तूंचा ब्लर गेममध्ये वेगळा दिला असेल तर कॅमेऱ्याचा बंद आणि वस्तूंचा चालू ठेवा. माउस फिरवताना नजर स्वतः पुढचं शोधत असते, तेव्हा सगळी स्क्रीन पुसली गेली की त्रास होतो, पण हलणाऱ्या हाताचा किंवा चाकाचा ब्लर चांगला दिसतो. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर मात्र पूर्ण बंद, त्यात मोजण्यासारखं काही नाही.

तपासा: मोशन ब्लर बंद करूनही हलताना पुसट दिसतंय? कॅमेरा फिरवतानाच स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर पुसटपणा तुमच्या मॉनिटरचा आहे, गेममध्ये कितीही शोधलं तरी ऑप्शन सापडणार नाही. स्क्रीनशॉटमध्ये हलणाऱ्या वस्तूच्या मागे फिकट शेपूट दिसत असेल तर ते टीएए किंवा अपस्केलरचं घोस्टिंग आहे. आणि स्क्रीनशॉटमध्ये सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर ब्लर अजून चालूच आहे, कुठेतरी दुसरा ऑप्शन आहे.

## टप्पा ६: डेप्थ ऑफ फील्ड, इथे खरा खर्च दडलेला असतो

या तिघांत महाग निघायची शक्यता याचीच जास्त. फोकसच्या बाहेरचा प्रत्येक पिक्सेल गोल पसरवायचा असतो, जेवढा ब्लर मोठा तेवढे नमुने जास्त, वर पुढच्या वस्तूची कड मागच्या ब्लरमध्ये सांडू नये म्हणून पुढचं आणि मागचं वेगळं हाताळायला लागतं. म्हणून बहुतेक इंजिनं हे काम अर्ध्या रिझोल्यूशनवर करून वाचवतात, तरी ते ग्रेनसारखं फुकट होत नाही.

आणि हे सतत चालू नसतं. सायबरपंकमध्ये नेम धरला की, कुणाशी बोलायला लागलात की दिसतं, नुसतं रस्त्याने चालताना जवळजवळ नाही. म्हणजे सरासरी एफपीएसमध्ये हे लपतं आणि नेमकं गोळीबाराच्या वेळी उगवतं.

मोजायचं असं: मोकळ्या जागी उभे राहा, समोर लांबवर दिसेल असं काहीतरी हवं, नेम धरा आणि तसाच धरून ठेवा, दहा सेकंद फ्रेमटाइम बघा, लिहा. ऑप्शन बंद करा, तीच सेव्ह लोड करा, त्याच जागी तोच नेम. समजा चालू असताना ४९ (२०.४१) आणि बंद असताना ५३ (१८.८७), तर दीड मिलिसेकंद गेलं. टप्पा ३ मध्ये सगळे मिळून १.१ आले होते आणि इथे एकटाच १.५ खातोय, हे बघून गोंधळू नका, तिथे हा झोपलेला होता.

इशारा: नेम धरल्यावर फक्त डेप्थ ऑफ फील्डच सुरू होतं असं नाही, झूममुळे दृश्यही बदलतं. म्हणून 'नेम न धरता' आणि 'नेम धरून' अशी तुलना करू नका. दोन्ही वेळा नेम धरलेलाच हवा, फक्त ऑप्शन बदलायचा.

दिसण्याचं म्हणाल तर कटसीनमध्ये आणि संभाषणात हे छान काम करतं, चेहऱ्याकडे नजर जाते आणि मागची कमी डिटेलची गर्दी झाकली जाते. हे बंद केलं की काही गेममध्ये चेहऱ्यामागचं ओबडधोबड सामान उघडं पडतं, कारण ते दिसणार नाही असं धरूनच बनवलेलं असतं. नेम धरताना मात्र कडेने येणारा माणूस दिसायला हवा, तिथे ब्लर नडतो. गेमने दोन्ही वेगळे दिले असतील तर कटसीनचं ठेवा, गेमप्लेचं काढा. एकच ऑप्शन असेल, सायबरपंकसारखा, तर तुमचा गेम गोळीबारात ६० च्या खाली जातो का ते बघून ठरवा. जात असेल तर हा पहिला बंद करायचा.

## टप्पा ७: एकच 'पोस्ट प्रोसेसिंग' पट्टी असेल तर

अनरिअल इंजिनच्या बऱ्याच गेममध्ये वेगळे ऑप्शन नसतात, Low ते Epic अशी एकच पट्टी असते. ती लो केली की मोशन ब्लर आणि डेप्थ ऑफ फील्ड तर जातंच, पण ब्लूमची क्वालिटी उतरते आणि पुष्कळदा अ‍ॅम्बियंट ऑक्लुजनही जातं, म्हणजे टेबलाखाली, कोपऱ्यात जी मऊ सावली पडते ती. मग सगळं सामान जमिनीवर तरंगल्यासारखं दिसतं आणि का ते कळत नाही.

अशा वेळी पट्टी हायवर ठेवा आणि नको ते एकेक करून बंद करा. `%LOCALAPPDATA%` मध्ये गेमच्या नावाचा फोल्डर असतो, त्यात `Saved\Config\Windows` (जुन्या अनरिअल ४ च्या गेममध्ये `WindowsNoEditor`). तिथल्या `Engine.ini` ची आधी कॉपी काढून ठेवा, मग शेवटी हे लिहा:

```
[SystemSettings]
r.MotionBlurQuality=0
r.DepthOfFieldQuality=0
r.SceneColorFringeQuality=0
```

तिसरी ओळ क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची आहे. एका वेळी एकच ओळ घाला, गेम उघडून बघा, मग पुढची. सगळ्या गेम या फाइलचं ऐकतातच असं नाही. ऑनलाइन आणि अँटी-चीट असलेल्या गेममध्ये ही फाइल अजिबात छेडू नका.

नेहमीची चूक: ग्रेन घालवायला म्हणून `r.Tonemapper.GrainQuantization=0` ही ओळ लोक सगळीकडे चिकटवतात. तिचं काम ८-बिट रंगांचे पट्टे मोडणं आहे, सिनेमासारखा ग्रेन देणं नाही. ती शून्य केली की वेग नावापुरता वाढतो आणि आकाशात पट्टे येतात. घातली असेल तर काढून टाका.

## टप्पा ८: कुठल्या क्रमाने बंद करायचं

आता तुमच्याकडे प्रत्येकाची किंमत त्याच्या स्वतःच्या सीनमध्ये मोजलेली आहे. तुमचं टार्गेट ठरवा, समजा ६०, म्हणजे १६.६७ मिलिसेकंद, आणि सगळ्यात वाईट सीनमध्ये किती कमी पडतंय ते काढा.

वरच्या उदाहरणात नेम धरताना २०.४१ होतं, म्हणजे ३.७ कमी पडतायत. डेप्थ ऑफ फील्ड काढलं की दीड मिळाले, उरले २.२. आता मोशन ब्लर काढायचा मोह होईल, पण नेम धरून स्थिर उभं असताना तो फारसं काही खातच नाहीये, त्यामुळे तिथे तो काढून काही हाती लागणार नाही. उरलेले २.२ सावल्या किंवा व्होल्यूमेट्रिक फॉग एक पायरी खाली आणून मिळवा. गाडी चालवताना १८.१८ आहे, तिथे दीड मिलिसेकंद पाहिजे, आणि फॉग खाली आणला तर तिथेही तो आपोआप मदत करतो, मग मोशन ब्लर ठेवता येतो. एफपीएससाठी ग्रेनला हात लावायचाच नाही, पट्टे दिसत असतील तर चालू, स्ट्रीम करत असाल तर बंद.

मोजून झाल्यावर व्ही-सिंक, फ्रेम लिमिट, डायनॅमिक रिझोल्यूशन जे काय पहिल्या टप्प्यात बंद केलं होतं ते परत हवं तसं चालू करा, हे विसरायला होतं. आणि १०८०पीवरून १४४०पीचा मॉनिटर घेतला तर टप्पा ५ आणि ६ परत करा, पिक्सेल पावणेदोन पटीहून जास्त झाले म्हणजे जुने आकडे आता चालणार नाहीत.